एकच प्रत

वडिलांच्या ऑफिसात एक नियम होता: कुठलाही कागद तीन प्रतींत. एक कोर्टात, एक समोरच्या वकिलाला, एक आपल्या कपाटात. हैदराबादला चिक्कडपल्लीतल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत ते कपाट अजून उभं आहे, आणि त्यात अशा लोकांचे कागद आहेत ज्यांची नातवंडंही आता वकील झाली असतील. वडिलांच्या पश्चात मी ती खोली चालवते. घरगुती छळाची, पोटगीची, मुलांच्या ताब्याची प्रकरणं बघते. कागदाच्या बाबतीत मी वडिलांपेक्षा कडक आहे. पुसट झेरॉक्स आणून देणाऱ्याला मी परत पाठवते.

हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो मूर्खपणा केला तो नीट कळेल.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे फोन नवरे तपासतात. ही तक्रार इतकी सर्रास आहे की मी आता विचारतसुद्धा नाही, धरूनच चालते. म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक ॲप धरलं. त्याची ख्याती अशी की आपलं बोलणं आपल्या फोनाबाहेर कुठेच साठत नाही. कंपनीच्या आभाळातल्या कपाटात प्रत नाही, काही नाही. मला हे फार आवडलं. मी प्रत्येक अशिलाला ते घ्यायला लावलं आणि वर माझा एक नियम जोडला: जे असेल ते मला पाठवा, मी "मिळाला" म्हटलं की तुमच्या फोनवरून पुसून टाका.

मी स्वतःही काटेकोर होते. ॲपमध्ये फोनच्या आतच एक राखीव प्रत करून ठेवायची सोय होती, ती मी बंद ठेवली. फोन चोरीला गेला तर? ऑफिसच्या कॉम्प्युटरला ॲप जोडता येत होतं, तेही नको म्हटलं. खोलीत दहा लोक येतात. थोडक्यात, चाळीसेक बायकांचं नशीब माझ्या एका फोनात होतं आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. कागदाच्या तीन प्रती करणारी बाई ती हीच.

त्या चाळिसांतली एक पुण्याची होती. नवऱ्याबरोबर हैदराबादला आलेली, दोघंही आयटीत. तिचं काम सॉफ्टवेअर तपासायचं: दुसऱ्यांनी बनवलेलं चालवून बघायचं आणि कुठे मोडतं ते लिहून काढायचं. शांत, हळू बोलणारी. नवरा तिला व्हॉइस मेसेज पाठवायचा, धमक्यांचे, आणि तासाभरात दोन्हीकडून पुसून टाकायचा. ती तेवढ्या तासात तो बाहेर काढून ह्या ॲपवरून मला पाठवायची. मी लिहायची, "मिळाला. आता पुसून टाका." ती लिहायची, "हो."

असे सदतीस आवाज माझ्याकडे जमले होते. त्यातल्या बऱ्याच आवाजांत एकच गोष्ट फिरून फिरून यायची: मुलीला शाळेतून परस्पर उचलीन आणि पुण्याला माझ्या आईकडे नेऊन ठेवीन, मग बस कोर्टात. मुलगी सहा वर्षांची. निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडेच राहील आणि बाप तिला परस्पर नेणार नाही, एवढा हुकूम आम्हाला हवा होता. सुनावणी सोमवारी. पुरावा म्हणजे हेच सदतीस आवाज, ते कधी आले त्या तारखा-वेळांसकट.

आणि त्या आठवड्यात माझा फोन मरायला टेकला. साठ टक्के दाखवायचा आणि बोलता बोलता बंद पडायचा. चार्जरला लावला की परत जिवंत.

गुरुवारी दुपारी मी गौलीगुड्याला गेले, बस स्टँडजवळच्या एका दुकानात. तिथला माणूस गेली कित्येक वर्षं आमच्या घरातले फोन विकतो आणि दुरुस्त करतो. त्याने नवा फोन काढला, जुन्यातलं सिम त्यात घातलं, ॲप टाकलं, एसएमएसने आलेला आकडा भरला. ॲपने माझा पिन विचारला, तोही मी भरला.

"हो गया अम्मा," तो म्हणाला. "सिम में सब रहता. आ जाते धीरे धीरे."

आणि खरंच, बघता बघता माझं नाव आलं, फोटो आला, अशिलांची नावं आली, ग्रुप आले. मी खूश झाले. नावं आलीत म्हणजे मागून मजकूरही येणारच, असं मी धरलं. कुठलंही नाव उघडलं की आत रिकामं होतं, पण मला वाटलं जड सामान आहे, वेळ लागेल. आपल्याकडे बदली झाली की माणसं आधी पोचतात आणि ट्रक दोन दिवसांनी येतो, तसं काहीतरी मी मनाशी जुळवून घेतलं. जुना फोन पर्सच्या तळाशी टाकला.

शुक्रवारी सकाळी मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. नव्या फोनवर तिचा मेसेज आला, आणि खाली आवाज. मी कानाला लावला. नेहमीचा आरडाओरडा नव्हता त्यात. फार शांतपणे बोलत होता. मंगळवारी शाळा सुटायच्या अर्धा तास आधी येतो, आजी आजारी आहे असं टीचरला सांगतो, तुला कळेपर्यंत आम्ही पुण्याच्या वाटेवर झहिराबादच्या पुढे असू. एवढंच. आधीच्या सदतिसांत नुसता राग होता. ह्यात वार होता, वेळ होती, रस्ता होता.

तेवढ्यात माझ्या प्रकरणाचा पुकारा झाला. मी घाईघाईने लिहिलं, "मिळाला. शाळेला आजच लेखी कळवा. आणि हा पुसून टाका."

तिचं उत्तर आलं, "हो."

दुपारी खोलीवर परतल्यावर मी सोमवारसाठी आवाजांची यादी करायला बसले. नव्या फोनात तिचं नाव उघडलं, तर आत फक्त सकाळचा आवाज. वर काही नाही. चोवीस तास उलटून गेले होते आणि ट्रकचा पत्ता नव्हता. जुना फोन चार्जरला लावून उघडला. ॲपच्या माथ्यावर पट्टी: हा फोन आता नोंदलेला नाही. पण खाली सगळं जसंच्या तसं होतं, सदतीसच्या सदतीस. वाचता येत होतं, ऐकता येत होतं. पाठवायला गेले तर जाईना.

मी तडक गौलीगुडा गाठला. दुकानदाराने जुना फोन हातात घेतला, चार्जरला जोडला आणि काहीही न विचारता त्या ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं.

"क्या कर रहे?"

"कुछ नहीं अम्मा. ऐप निकाल के दुबारा डाल देतौं, ताजा हो जाता. फिकर नक्को करो."

काढून टाकायचा पर्याय पडद्यावर आलेला मला दिसला. मी काउंटरवरून हात घालून फोन ओढला. चार्जरची वायर तुटून त्याच्या हातात राहिली आणि फोन लगेच बंद पडला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मी त्याला उर्दूत जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा नुसता "हौ अम्मा, हौ अम्मा" करत राहिला. ॲप काढलं असतं तर आतलं सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं, एवढं मला तोवर कळलं होतं. कसं कळलं ते सांगता येणार नाही. भीतीने कळलं असेल.

शनिवारी सकाळी ती प्रतिज्ञापत्रावर सही करायला आली. आपल्या आईला पुण्याहून बोलावून घेतलं होतं तिने, मुलगी आजीपाशी सिकंदराबादला होती. मी कागद पुढे केले आणि मग, वकिलाने अशिलाला जे कधी सांगू नये ते, सांगून टाकलं. तुमचे आवाज जुन्या फोनात अडकलेत. नव्यात येत नाहीत. जुना केव्हाही जाईल.

मला वाटलं ती घाबरेल. तिने पर्समधून एक वही काढली.

"मॅडम, आधी सिम कुठे घातलं होतं, आधीपासून क्रमाने सांगाल?"

मी सांगितलं. दुकानदार, पिन, नावं, ट्रक. ती लिहीत होती. मला राग येत होता, तिचा नाही, त्या लिहिण्याचा. माझ्या मूर्खपणाचे कोणी मुद्दे पाडतंय असं वाटत होतं.

"पिनने फक्त नावं आणि सेटिंग येतात," ती म्हणाली. "मेसेज त्यांच्याकडे नसतातच, तर ते देणार कुठून? मेसेज फक्त ह्या फोनात आहेत. ते ह्याने त्याला थेट द्यायचे, हातोहात. दोघं शेजारी ठेवायचे. पण त्याला जुना फोन चालू खात्याचा पाहिजे, आणि नव्यावर ॲप कोरं पाहिजे. तुम्ही उलटं केलंत."

"उलटं त्याने केलं," मी म्हणाले.

"बरं, त्याने," ती म्हणाली, आणि हसली नाही.

"प्रत्येक आवाज वेगळा काढून ठेवला तर?"

"ठेवता येईल. पण मग ती नुसती फाइल झाली. कोणाकडून आला, कधी आला, मी खाली काय लिहिलं, ते सगळं ह्या संवादात आहे. सोमवारी तुम्हाला तेच दाखवायचंय ना?"

तेच दाखवायचं होतं. मला माझ्याच खोलीत कोणी उलटतपासणीत गप्प करावं ह्याची सवय नाही.

मग सुरू झालं. सिम नव्यातून काढून जुन्यात. सिमचा तो इवलासा खण उघडायला लागणारी सुई सापडेना. शेवटी माझ्या साडीची पिन कामाला आली. जुन्या फोनवरच्या पट्टीला बोट लावून नोंदणी परत करायची होती. मी घाईत नंबरातला एक आकडा चुकवला. मग बरोबर भरला, पण येणारा आकडा येईना. मी परत मागितला. परत मागितला. परत.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली.

मी परत मागितला. ॲपने सांगितलं, फार वेळा प्रयत्न झालेत, काही वेळाने या. किती वेळाने, ते सांगायची तसदी त्याने घेतली नाही.

मी खुर्ची मागे ढकलून उठले. समोरच्या गाडीवरून मिरची भजी मागवली, चहा मागवला. तिने भजं हातात धरून ठेवलं आणि खाल्लं नाही. मी तीन खाल्ली. राग आला की मला भूक लागते, हा माझा जुना दोष आहे. तासाभराने तिने नंबर भरला, एकदाच मागितला, आणि आकडा आला. पट्टी गेली. जुना फोन पुन्हा माझा झाला.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. मुलगी जेवत नव्हती. ती बोलायला पायरीवर गेली आणि जाता जाता म्हणाली, "नव्याला हात लावू नका हं, मी आले. एकदा दोन्हीकडचं बघून घेऊ."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि तरीही, ती पायरीवर असताना, नवा फोन उचलला आणि त्यातलं ॲप काढून टाकलं. कोरं पाहिजे म्हणाली होती ना? केलं कोरं. दिवसभरात निदान एक काम मी स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता केलं ह्याचं मला समाधान वाटलं. मग ॲप पुन्हा घेतलं. ती परत आली तेव्हा नव्या पडद्यावर स्वागताचा मजकूर होता.

तिने नव्या फोनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, कौतुक आहे.

नव्यावर तिने "दुसऱ्या फोनातून आणा" निवडलं. जुन्यावर ॲपच्या सेटिंगमध्ये खात्याच्या पानावर "खातं हलवा" होतं, ते दाबलं. दोन्ही फोन माझ्या टेबलावर, कायद्याच्या जाड पुस्तकावर शेजारी शेजारी ठेवले. जुना चार्जरला, आणि चार्जरची वायर मी हाताने धरून, कारण वायरीचा भरवसा नव्हता. नव्या फोनने लोकेशन मागितलं.

"माझं लोकेशन ह्याला कशाला?" मी उखडले. "गुप्त म्हणवतात आणि मी कुठे बसलेय ते विचारतात!"

"पाठवत नाहीत कुठे. दोन फोनांनी वायफायवरून एकमेकांना शोधायचं तर अँड्रॉइडला लोकेशन चालू लागतं. दोन्हीकडे द्या."

मी दिलं, आणि देताना असं तोंड केलं जसं काही साक्षीदाराला शपथ खोटी वाटतेय. नवा फोन शोधत राहिला. शोधत राहिला. मग म्हणाला, सापडला नाही.

परत. सापडला नाही.

वीतभर अंतरावर दोघं पडलेत. एकाचा कोपरा दुसऱ्याला लागतोय. आणि म्हणे सापडला नाही! मी मोठ्याने बोलले असेन, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने आत डोकावून बघितलं.

ती एकेक गोष्ट तपासत गेली. जुन्यावर बॅटरी वाचवायचा पर्याय चालू होता, मीच लावलेला. बंद केला. नव्यावर व्हीपीएन होतं, जाळ्यावर आपला माग लागू नये म्हणून. तेही मीच गुरुवारी रात्री मोठ्या हौसेने टाकलेलं. बंद केलं. वायफायच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी जुन्या फोनने कधीकाळी एका प्रिंटरशी थेट जोडून घेतल्याची आठवण ठेवली होती, ती पुसली. माझी एकेक खबरदारी ती उकलत होती आणि मी वायर धरून बसले होते. आयुष्यभर कड्या घातल्या आणि आता आपल्याच घरात शिरता येईना, असं झालं.

चौथ्या खेपेला दोन्ही पडद्यांवर एकदम आकडे उमटले. सारखेच आहेत का, असं दोघांनी विचारलं. तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी दुसऱ्यावर बोट ठेवून ताडला. दोन्हीकडे "सारखे आहेत" दाबलं. आणि नव्या फोनवर मेसेज मोजायला सुरुवात झाली.

शंभर. चारशे. हजार. आकडा दोन हजारांच्या पुढे गेला आणि माझ्या हातातली वायर सरकली. फक्त जराशी. जुना फोन काळा झाला.

मी टेबलावर हात आपटला. पुस्तक हललं, कपातला चहा प्रतिज्ञापत्रावर सांडला. मग मी त्या निर्जीव फोनाला, त्या ॲपला, दुकानदाराला आणि हे सगळं बनवणाऱ्या दूरदेशीच्या अनोळखी लोकांना मराठी, उर्दू आणि तेलुगूत एकत्र जे सुनावलं, त्यात माझे वडील असते तर मला खोलीबाहेर काढलं असतं. ती प्रतिज्ञापत्र रुमालाने टिपत होती.

"जुन्यातलं गेलं नाहीये," ती म्हणाली. "पूर्ण झाल्याशिवाय ते हलत नाही. परत करू."

"परत करू" हे तिने ज्या आवाजात म्हटलं ते मला अजून आठवतं. ही बाई रोज ऑफिसात दुसऱ्यांची मोडलेली कामं अशीच परत परत चालवत असेल आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तिला असं ऐकून घ्यावं लागत असेल, जसं तिने आत्ता माझं ऐकून घेतलं. मला लाज वाटली. मी तिची वकील होते.

तिने वायर फोनाला चिकटपट्टीने गुंडाळली. फोन तासभर चार्ज होऊ दिला. परत लोकेशन, परत शोध, परत आकडे. ह्या वेळी मी हात मांडीवर ठेवून बसले. मोजणी दोन हजार ओलांडून गेली, सहा हजार, नऊ हजार, आणि थांबली. नव्यावर लिहून आलं: झालं. जुन्यावर लिहून आलं की खातं दुसरीकडे गेलंय, तिकडे नोंदणी पुरी करा. नाहीतर रद्द करून इथेच चालू ठेवा.

"रद्दला हात लावू नका," ती म्हणाली.

मी हात लावला नाही. तेवढं शिकले होते.

साडीची पिन, सिम नव्यात, आकडा, पिन. आणि नव्या फोनवर सगळं उघडलं. चाळीस बायकांचं सगळं. मी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि वर सरकवत गेले. पहिला आवाज, दुसरा, तारखा, वेळा, खाली माझं "मिळाला," तिचं "हो." सदतीस. मी मोजले. मी इतकी हलकी झाले की तिला म्हणाले, चला, आता मिठाई खाऊ.

"आता यादी पुरी करून टाकू," मी म्हणाले. "शेवटचा कालचा लिहून घ्या. सोमवारी तो सगळ्यात आधी वाजवायचा."

खाली सरकवलं. शेवटचा मेसेज गुरुवारी सकाळचा होता.

परत सरकवलं. गुरुवार सकाळ.

शुक्रवारी सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात, माझ्या हातात नवा फोन होता. तो आवाज नव्या फोनात आला होता. जुन्याने तो कधी पाहिलाच नव्हता. आणि नव्यातलं सगळं मी, ती पायरीवर असताना, माझ्या ह्याच बोटाने कोरं केलं होतं.

मंगळवार. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. झहिराबाद. ते आता फक्त माझ्या कानात होतं, आणि माझ्या कानाची साक्ष कोर्टात चालत नाही.

मला खोटं बोलता आलं असतं. फोनने खाल्लं, असं म्हणता आलं असतं. दिवसभर फोनाने इतकं खाल्लं होतं की तिला खरं वाटलं असतं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"कालचा मी घालवला," मी म्हणाले. "तुम्ही बाहेर होतात तेव्हा. तुम्ही सांगून गेला होतात आणि मी ऐकलं नाही. आणि तुमच्याकडचा मीच पुसायला लावला."

इतक्या वर्षांत अशिलापुढे रडण्याची वेळ कधी आली नव्हती. तीन प्रती करणाऱ्या माणसाची मुलगी मी, आणि सगळ्यात महत्त्वाच्या कागदाची माझ्याकडे एकही प्रत उरली नव्हती.

तिने वही मिटली.

"मी नाही पुसला," ती म्हणाली.

मला कळेना.

"तुम्ही 'हो' लिहिलंत."

"हो. लिहिलं. गेले दीड महिने लिहितेय." ती थोडी संकोचली, जसं काही चूक तिचीच होती. "मॅडम, तुम्ही पुसा म्हणालात तेव्हा मी त्या घरात होते. आता मी सिकंदराबादला राहते. माझा फोन आता माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. पुसायचं कारण नव्हतं. पण तुमच्याशी वाद कोण घालणार?"

सिकंदराबादचा तो पत्ता मला पाठ होता. अर्जाच्या पहिल्या पानावर मीच लिहिला होता, तीन प्रतींत. ती त्या घरातून बाहेर पडली होती हे माझ्या प्रत्येक कागदात होतं. फक्त मी तिला रोज लिहीत होते ते अजून त्या घरातल्या बाईला.

तिने आपला फोन काढला. तिथे, माझ्याशी झालेल्या बोलण्यात, कालचा आवाज जागेवर होता, खाली माझी आज्ञा आणि तिचं "हो." तिने तो पुन्हा माझ्याकडे पाठवला. टेबलावरचा माझा नवा फोन वाजला. आम्ही दोघींनी तो आवाज पहिल्यांदाच एकत्र ऐकला, शेवटपर्यंत. बाहेर भाजीवाल्या ओरडत होत्या आणि आत तो शांतपणे शाळा, टीचर, रस्ता सांगत होता.

संपल्यावर मी सवयीने फोन उचलला. बोटांनी आपणहून लिहिलं, "मिळाला. आता". तिथे मी थांबले. मागचं खोडलं आणि लिहिलं, "मिळाला. तुमच्याकडचाही जपून ठेवा."

ती समोरच बसली होती, तरी तिने फोनवरच वाचलं, आणि फोनवरच उत्तर दिलं.

"हो."

ह्या वेळचं खरं होतं.